चढलेले अकरा सूर

माझा डावा कान गेला तो सकाळी सात वाजता, दात घासताना.

गेला म्हणजे कुठे पडला नाही की तुटला नाही. आत टक् झालं आणि जगाची डावी बाजू कुणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवली. मोरीतला नळ चालू होता. पाणी दिसत होतं, पण आवाज अर्धाच. मी मान वळवली तर आवाज पुरता आला, परत वळवली तर गेला. मला गंमत वाटली, खरं सांगते. पाच-सहा वेळा मान फिरवून बघितली. मग त्या बंद बाजूला बारीक सूं सुरू झालं, दुपारी गच्चीवर एकटं बसल्यावर ऐकू येतं तसं. छान होतं ते. झोप आल्यासारखं वाटत होतं, जाग्रण न करता.

शेजारची रंभाबेन ताक द्यायला आली. ती काय बोलली ते मला कळलं नाही, कारण ती डावीकडे उभी होती.

"रळियात, बहिरी झालीस का गं?" ती पुढे येऊन ओरडली.

"कान बसलाय. पाणी गेलं असेल."

"मळ असेल. थांब." आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल घेऊन आली. रंभाबेनकडे प्रत्येक दुखण्यावर लसणाचं तेल असतं, तिच्या सुनेचा स्वभाव सोडून. मी आडवी झाले. तेल आत शिरलं, ऊब वाटली. डोळे मिटले तर मी जणू तळ्याच्या तळाशी पडले होते आणि वरून कुणी कुणी चालत होतं. पाव तास तशीच पडले. कानातला कापसाचा बोळा काढला, मळ काही आला नाही, कानही उघडला नाही.

"संध्याकाळपर्यंत सुटेल," रंभाबेन म्हणाली.

सुटेल म्हणजे सुटेलच. मी बाजरीचा रोटलो खाल्ला आणि कामावर गेले.

आमचं काम पेटीच्या सुरांचं. पालीताण्यात निम्म्या गल्ल्यांत पितळ कापायचा आवाज येतो. पट्टी कापायची, तिच्यावर पितळेची जीभ रिव्हेटने बसवायची, की झाली रीड, आणि मग ती सुरात लावायची. कापणारे शंभर मिळतील. लावणारे मोजके. जीभ टोकाशी कानसली की हलकी होते आणि सूर चढतो, बुडाशी कानसली की उतरतो. कानस एकदा चालली की गेलेलं पितळ परत येत नाही. हे माझ्या सासऱ्यांनी मला शिकवलं, माझा नवरा गेल्यावर. त्यांचा धाकटा पुतण्या घुघा तेव्हा माझ्याबरोबरच शिकत होता. तो माझा दीर लागतो. तेवीस वर्षं आम्ही वजुभाईंच्या कारखान्यात शेजारी शेजारी बसतो आणि तेवीस वर्षं भांडतो.

भांडणाचं कारण असं की घुघा ऐकत नाही. मी काही म्हटलं की भिंतीकडे बघत बसेल. विशेषतः या पाच-सहा वर्षांत फारच माजलाय. मी त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं. सगळ्या कारखान्यात ते चाललं. त्याला राग येतो का म्हणून बघावं, तर तोही येत नाही.

त्या दिवशी कोलकात्याच्या पेटीवाल्यांचा माल पाठवायचा होता. शेवटचा तपास माझा असतो. माझा कान लागला की वजुभाई डबा बंद करतात, दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. याचा मला गर्व होता. असू दे, होता.

आमची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागे उजवीकडे पट्ट्या कापणारा प्रेस धडधडत असतो. हवेतला बारीक सूर त्या धडधडीत बुडून जातो. म्हणून आम्ही पोलादी नादकाटा गुडघ्यावर मारतो आणि त्याची दांडी हवेत न धरता डोक्याच्या टाळूवर टेकवतो. सूर कवटीतून आत उतरतो आणि डोक्याच्या बरोबर मध्ये बसतो. तो मनात धरायचा. मग उजवा कान अंगठ्याने बंद करायचा, कारण प्रेस उजवीकडे, आणि डावा कान रीडवर नेऊन पायाने भाता दाबायचा. दोन्ही सूर एकात एक बसले की झालं.

त्या दिवशी काटा टेकवला तर सूर मध्ये बसलाच नाही. तो उजवीकडे सरकला आणि तिथेच राहिला. मी म्हटलं, सरकणारच, डाव्या बाजूला मळ आहे, तिथे जाईल कसा? किती सोपं वाटलं ते! आणि रीड वाजवली तर लांबून, कुठल्यातरी दुसऱ्या गावातून वाजल्यासारखी. शिवाय उतरलेली. चांगली उतरलेली. मी मनात कापणाऱ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि टोकाशी कानस घातली. पुढची घेतली. तीही उतरलेली. तिच्यापुढचीही.

मला त्या सकाळचं आठवतं ते असं की मी फार शांत होते. माझा स्वभाव शांत नाही. पण प्रेस दूर गेला होता, माणसं हळू बोलत होती, खिडकीतून पितळेची धूळ उन्हात तरंगत होती. सूं वाजत होतं. मी एक एक रीड उचलत होते आणि सगळं कसं सावकाश, गोड, पाण्यातून चालल्यासारखं चाललं होतं. कुणी म्हटलं असतं की हा आजार आहे, तर मी हसले असते. दुखत कुठे होतं? दुखलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

अकरा झाल्या. घुघाने हात लांब करून माझ्या तबकातली एक उचलली, स्वतःच्या भात्यावर वाजवली. मग दुसरी. मग तिसरी. मग उरलेल्या सगळ्या.

"भाभी, ह्या चढल्यात."

"काय?"

"चढल्यात! अकराच्या अकरा."

"तुझी मती चढलीय. ठेव खाली."

"भाभी, मी थट्टा करत नाही."

"तुला थट्टा करायला आधी तोंड उघडावं लागेल, घुम्या. आता वर्षातून एकदा उघडलंस ते माझ्या कामात खोट काढायला? माझ्या? सासऱ्यांनी तुला कितीदा पाटावरून उठवलं होतं ते सांगू का सगळ्यांना?"

"सांगा. पण आधी वाजवून बघा."

मी त्याचा प्रमाण सूर आणि माझी रीड एकत्र वाजवली, यावेळी अंगठा न लावता. दोन सूर जवळ असून जुळले नाहीत की घुमारा थरथरतो. शिकाऊसुद्धा ओळखतो. माझ्या उजव्या कानात ती थरथर स्वच्छ आली. अगदी निर्लज्जपणे आली. मी दुसरी वाजवली. तीही थरथरली. माझ्या हातून तेवीस वर्षांत अकरा सूर एका बैठकीत बिघडले नव्हते.

"डोळ्यांवर झापड आहे माझ्या आज," मी म्हटलं. "कानात मळ आहे, एवढंच. संध्याकाळी काढून टाकीन."

घुघा माझ्याकडे बघत राहिला. असा तो कधी बघत नाही. "कोणत्या कानात?"

"डाव्या."

"कधीपासून?"

"सकाळपासून. तुला काय पंचाईत?"

त्याने स्वतःचा नादकाटा उचलला, मारला आणि मला न विचारता दांडी माझ्या टाळूवर टेकवली. "कुठे गेला?"

"उजवीकडे. जाणारच! डावा बंद आहे ना?"

"भाभी, माघात तुम्हाला सर्दी झाली होती. उजवा कान चोंदला होता. तेव्हा काटा कुठे जायचा?"

मी कानस खाली ठेवली.

हे आमच्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. सर्दीने कान चोंदला की काटा चोंदलेल्या बाजूलाच धाव घेतो. सर्दीतल्या आठवड्यात आम्ही एकमेकांना विचारतोही, आज कुठल्या बाजूला? विश्वास नसेल तर बोट घालून एक कान बंद करा आणि नुसतं म्म् म्हणा. आवाज बंद कानात जातो. म्हणजे डाव्या कानात मळ असता तर सूर डावीकडे यायला हवा होता. तो डावीकडून पळाला होता. इतकी साधी गोष्ट मी त्या सकाळी उलटी वाचली, आणि तीही मी, शेवटचा तपास करणारी!

"मग मळ नाही?" मी विचारलं.

"मळ नाही. आत गेलंय काहीतरी. भावनगरला चला. आत्ता."

"आत्ता? माल कोण बघेल? उद्या जाते. शनिवारी जाते, मुलगा सुरतेहून येईल तेव्हा."

"उद्या नाही."

"अरे, दुखत नाही, खुपत नाही, पू नाही. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे? तू डॉक्टर कधीपासून झालास?"

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे अकरा-साडेअकराला जाते कधी कधी. प्रेस थांबला, पंखे थांबले, आणि घुघा प्रेसवर मात करायला जेवढ्या मोठ्याने बोलायला निघाला होता तेवढ्याच मोठ्याने बोलला.

"माझा उजवा कान सहा वर्षं मेलाय, भाभी!"

सगळा कारखाना ऐकत होता. गादीवर बसलेले वजुभाई बशीतला चहा ओठांशी नेता नेता थांबले.

घुघाने आजूबाजूला बघितलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. तो हळू आवाजात बोलू लागला, आणि मी माझा उजवा कान त्याच्याकडे केला.

"असंच झालं होतं. सकाळी उठलो तर बंद. काटा उलटीकडे. मला तेव्हाच खटकलं होतं. पण मी म्हटलं, सुटेल. आईने तेल घातलं. मग कुणी म्हणालं वाफ घे, घेतली. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, घातले. सत्ताविसाव्या दिवशी भावनगरला गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतास तर काहीतरी करून बघता आलं असतं. आता नस गेली. एवढंच म्हणाले."

"आणि तू सांगितलं नाहीस?" वजुभाई म्हणाले.

"एका कानाचा सूर लावणारा कुणी ठेवला असता, शेठ?"

वजुभाईंनी चहा खाली ठेवला.

मी मात्र दुसरंच मोजत होते. घुघाचा पाट माझ्या डावीकडे. म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे. सहा वर्षं मी त्या कानात बोलत होते. सण, लग्न, शिव्या, टोमणे, माझ्या मुलाला नोकरी लागली ती बातमी. आणि तो भिंतीकडे बघत बसला म्हणून मी त्याला घुम्या म्हणत होते. मला फार लाज वाटली. "हरामखोरा," मी म्हटलं, "आधी सांगायचंस ना रे." दुसरं काही सुचलंच नाही.

"चला," तो म्हणाला. "बारा पाचची एसटी आहे."

एसटीत त्याने मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः माझ्या उजवीकडे बसला, म्हणजे माझा चांगला कान आणि त्याचा डावा जवळ येतील असा हिशोब करून. पण एसटीच्या खडखडाटात शेवटी आम्ही बोलणंच सोडलं. चैत्राचं ऊन होतं. शेतं मागे जात होती, कापसाच्या वाळलेल्या काड्या, मग बाभळी, मग नुसती पांढरी जमीन. खिडकीतून वारा येत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. वारा गालाला लागतोय, केस उडतायत आणि आवाज नाही! मी किती वेळ त्या बिनआवाजाच्या वाऱ्यात बसून राहिले. सूं आता उंच झालं होतं, कोमल निषादाच्या जरा वर. मी मनातल्या मनात त्याला कानस लावत होते, खाली आण, खाली आण. मला मध्येच वाटलं, हे असंच राहिलं तर? मग काय मी? सासऱ्यांनी दिलं ते एवढंच, हा कान. घर नाही, जमीन नाही. सूर कळणारी बाई म्हणून गल्लीत नाव आहे. ते गेलं तर मी रंभाबेनसारखी तेलं वाटत फिरणार. आणि मला रडू यायला लागलं ते थेट सिहोर मागे पडेपर्यंत थांबलं नाही. घुघाने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. मी रडत रडत खाल्ले.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हीरल वोरा नाव. दवाखान्यात गर्दी होती. खिडकीवरच्या मुलीने नाव लिहून "बसा, पाच वाजतील" म्हटलं. घुघा तिच्याकडे वाकला आणि म्हणाला, "आज सकाळी सातला एक कान गेलाय. आजच." ती मुलगी उठून आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आधी तुम्ही या." बाहेरच्या गर्दीत एक म्हातारा कुरकुरला तर घुघा त्याला म्हणाला, "काका, तुमची रांग उद्याही आहे, हिची नाही."

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून बघितलं.

"तेल घातलंय कुणी?"

"शेजारणीने. लसणाचं."

"फोडणी कानात दिली?" त्या हसल्या. तेल पुसून पुन्हा बघितलं. "मळ नाही. पडदा छान आहे. बघून कुणी म्हणणार नाही की या कानाला काही झालंय. चक्कर येते? सगळं गरगर फिरतं?"

"नाही. नुसतं तरंगल्यासारखं."

मग त्यांनी खणातून नादकाटा काढला. मी घुघाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. बाईंनी तो कोपरावर मारून माझ्या कपाळावर टेकवला.

"कुठे ऐकू येतो?"

"उजवीकडे. हे आम्ही करून आलोय."

"कुठे करून आलात?"

"कारखान्यात. माझ्या दिराने केलं. टाळूवर."

बाईंनी घुघाकडे वर मान करून बघितलं. "तुम्ही काय करता?"

"पेटीचे सूर लावतो, बेन."

"मग माझी अर्धी तपासणी तुम्ही केलीत," त्या म्हणाल्या, आणि घुघाचं तोंड असं झालं की जणू कुणी त्याला भर चौकात हार घातला.

त्यांनी मला काचेच्या लहानशा खोलीत बसवलं. कानांवर यंत्र लावलं, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. त्या खोलीत जी शांतता होती ती मी जन्मात ऐकली नव्हती. उजव्या कानात बारीक बारीक सूर येत होते, मुंगीच्या पायाएवढे, आणि मी एकही सोडला नाही. मग डाव्याची पाळी. उजव्यात फसफस आवाज सोडला, त्याने मधे लुडबुड करू नये म्हणून. डाव्यात काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत बसले, दारात उभं राहून कुणाची वाट बघतात तशी. मग फार लांबून एक आला, तोही भसाडा.

कागदावर दोन रेघा होत्या. उजवी वर, डावी खाली.

"रळियातबेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेरचा कान चांगला, पडदा चांगला. आतला कान, जिथून नस निघते, तो अचानक बंद पडलाय. का, ते बहुतेक वेळा आम्हाला सापडत नाही. काहींचा आपोआप परत येतो, काहींचा येतच नाही. कुणाचा येईल हे मला आज सांगता येत नाही. पण स्टिरॉइडच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. पहिले काही दिवस सोन्याचे. दोन आठवड्यांनंतर फारसं हाती उरत नाही. म्हणूनच एक कान अचानक बसला की उद्यावर टाकायचं नाही. मळ आहे की नस, हे घरी बसून कळत नाही."

"आम्हाला कळतं," मी म्हटलं. सवय जाते का?

"तुम्हाला सुद्धा अकरा रीडींनंतर कळलं, भाभी," घुघा म्हणाला.

बाईंनी बोटातून रक्त घेऊन साखर बघितली, कारण या गोळ्यांनी साखर चढते. जरा काठावर होती. रोज तपासायची असं ठरलं. सकाळी खाऊन गोळ्या घ्यायच्या, मनाने थांबवायच्या नाहीत, शेवटी हळूहळू कमी करायच्या. नसेवर गाठ वगैरे नाही ना, यासाठी मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढायला सांगितला. बारा दिवसांनी परत. पहिली गोळी मी तिथेच घेतली, घुघाने आणलेल्या केळ्यावर. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

ते बारा दिवस मला सलग आठवत नाहीत. गोळ्यांनी झोप उडवली आणि भूक आणली. मी दिवसभर जागी आणि दिवसभर स्वप्नात. रोटल्यामागून रोटले खात ओट्यावर बसायचे, डावा कान गल्लीकडे करून. काही यायचं नाही. मग एकदा भांड्यावर भांडं आपटलेलं आलं, वाकडंतिकडं. डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. मुलगा सुरतेहून आला, ओरडला, परत गेला. रंभाबेन रोज तेलाची वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि मी रोज तिला हाकलायचे.

कारखान्यात वजुभाईंनी घुघाला दुसऱ्याच दिवशी रिव्हेट ठोकायला बसवलं. मला कळलं तेव्हा मी पदर खोचून तशीच गेले.

"शेठ, माझे दोन कान असताना अकरा सूर मी बिघडवले. पकडले कुणी?"

"घुघाने."

"किती कानांनी?"

"एका."

"मग?"

"रळियातबेन, लोक काय म्हणतील?"

"लोकांना पेटी वाजवू द्या. त्यांना बोलायला वेळ कुठे आहे?"

वजुभाई डोकं खाजवत राहिले. पण संध्याकाळपर्यंत घुघा पाटावर परत होता, आणि शेवटचा तपास मी येईपर्यंत त्याच्याकडे दिला होता. सूर ओळखायला एक कान पुरतो. आवाज कुठून आला ते ओळखायला दोन लागतात. हे मला आता अनुभवाने ठाऊक झालंय.

बाराव्या दिवशी आम्ही पुन्हा भावनगरला गेलो. पुन्हा ती काचेची खोली, पुन्हा फसफस. पण यावेळी डाव्या कानात सूर आले. खालचे आले. मधले आले, जरा मळके. वरचे मात्र आले नाहीत, कितीही वाट बघितली तरी. कागदावर डावी रेघ उठून उजवीजवळ गेली होती आणि टोकाला पुन्हा खाली पडली होती.

"पुष्कळ आलंय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनाच इतका आनंद झाला की त्यांनी माझा खांदा दाबला. "वरचं राहिलंय. त्याच्यासाठी पडद्यातून आत इंजेक्शन देऊन बघू, तेच औषध. येईलच असं नाही. पण अजून वेळ गेलेली नाही."

मी हसले, हात जोडले, काहीबाही बोलले. घुघा माझ्या डावीकडे स्टुलावर बसला होता. तो खाकरला.

"बेन, माझाही बघाल का जरा?"

बाईंनी विचारलं, काय झालं होतं. त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, वर्ष, महिना, तेल, वाफ, सत्तावीस दिवस. त्यांनी त्यालाही खोलीत बसवलं. काचेतून मला तो दिसत होता. बटण हातात धरून, डोळे मिटून, उपासाला बसल्यासारखा ताठ. उजव्या कानाच्या वेळी त्याचा अंगठा बटणावर नुसता तयार होता. हलला नाही. एकदाही हलला नाही.

तो बाहेर येऊन परत स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ते पडद्यातलं इंजेक्शन, भाभीला देणार ते. ते नवीन आहे ना? माझ्या वेळी कुणी म्हणालं नव्हतं. मी दुखलं तरी हलणार नाही."

म्हणजे हा याच्यासाठीही आला होता. बारा दिवस मला एसटीने नेतोय, केळी आणतोय, गोळ्यांची आठवण करतोय, ते माझ्यासाठी खरंच, पण आत कुठेतरी सहा वर्षं त्याने एक दार लोटून ठेवलं होतं, बंद केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. त्या त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या, त्याला नीट ऐकू यावं म्हणून. "काका, सहा वर्षांनी त्याचा उपयोग होत नाही. ऐकायला मदत करणारं यंत्र लावता येईल, त्याबद्दल आपण बोलू. पण हा कान परत येणार नाही."

"त्या वेळी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही. कदाचित. कदाचित नाही."

"बरं," घुघा म्हणाला.

अगदी हळू म्हणाला. तो माझ्या डावीकडे होता आणि मी समोर बघत होते, आणि ते मला ऐकू आलं. पूर्ण. त्याच्या आवाजातला भेगाळलेला खर्जसुद्धा. माझ्या परत आलेल्या कानाने नीट ऐकलेला पहिला शब्द तो होता, आणि तो मला ऐकायला नको होता.

मी भाभी आहे त्याची, मोठी आहे. सगळ्यांसमोर त्याचा हात घट्ट धरला आणि सोडला नाही. त्याने सोडवायचा प्रयत्न केला नाही. नर्सबाई इंजेक्शनचं तबक घेऊन आल्या आणि मला आडवं व्हायला सांगू लागल्या.